अंजनेरीच्या सहलीआधी परिपाठातलं भाषण: माकडांना बिस्किट का नको, हे मुलांना पटेल असं कसं सांगायचं

प्रश्न: "मुलगी सातवीत आहे, शाळा नाशिकमध्येच. सोमवारी परिपाठात तिला ३ मिनिटांचं भाषण करायचंय, माकडांना आणि पक्ष्यांना बिस्किटं, वेफर्स वगैरे देऊ नका यावर. पुढच्या आठवड्यात त्यांची सहल अंजनेरीला आहे म्हणून बाईंनी हा विषय दिलाय. नेटवर शोधून दमले, सगळीकडे तेच ते 'निसर्गाचे रक्षण हे आपले कर्तव्य'. मुलं ऐकतील असं नेमकं काय लिहू?"

ताई, नेटवरची ती भाषणं वाचली की असं वाटतं की मुलं प्राण्यांचं वाईट व्हावं म्हणूनच त्यांना खायला घालतात. खरं तर जे मूल स्वतःच्या डब्यातलं बिस्किट काढून माकडाला देतं ते वर्गातलं सगळ्यात मायाळू मूल असतं, त्याला समोर पिल्लू दिसतं, पिल्लू हात पुढे करतं आणि त्या मुलाला राहवत नाही. अशा मुलाला तुम्ही कर्तव्य, रक्षण, संवर्धन सांगितलंत तर तो मान डोलावेल आणि सहलीला गेल्यावर परत बिस्किट काढेल, कारण त्याच्या मते तो चांगलंच काम करतोय. तेव्हा भाषणाला एकच काम करायचंय, तू ज्याला द्यायला जातोस त्याच्यापर्यंत ते पोचत नाही आणि पोचलं तरी त्याचं भलं होत नाही, हे त्या मुलाला दिसलं पाहिजे.

मी जखमी प्राणी-पक्षी सोडवण्याचं काम करते आणि त्याच निमित्ताने शाळांमध्ये बोलायला जाते, मुलांकडून अशी भाषणं बसवूनही घेते. त्यामुळे काय सांगितलं की मैदान शांत होतं आणि काय सांगितलं की मागच्या रांगा बूट घासायला लागतात हे बऱ्यापैकी माहितीये.

आधी एक गोष्ट सांगते जी बहुतेक भाषणांमध्ये चुकते. "बिस्किट म्हणजे प्राण्यांसाठी विष" असं वाक्य अजिबात घालू नका. नाशिकच्या पोरांनी कसारा घाटात, सप्तशृंगी गडावर, त्र्यंबकला लहानपणापासून माकडांना बिस्किटं खाताना पाहिलंय आणि ती माकडं खाऊन मस्त उड्या मारत निघून गेलेली पण पाहिलीयेत. विष म्हटलं की त्यांचा पहिल्याच मिनिटाला विश्वास उडतो, मग पुढचं खरं सांगितलेलंही कोणी ऐकत नाही. जे खरं आहे तेच आणि तेवढंच सांगायचं, ते पुरेसं जोरदार आहे.

आता खरं काय ते समजून घ्या. मुलीला हे सगळं बोलायचं नाहीये पण तिला माहीत पाहिजे, कारण भाषण झालं की मधल्या सुट्टीत मुलं येऊन विचारणारच.

आपल्याकडे दोन वेगळे प्राणी आहेत. एक लाल तोंडाचं माकड आणि दुसरं काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर. दोघांची पोटं अगदी वेगळी असतात. वानर मुख्यतः पाला खातं, कोवळी पानं, फुलं, शेंगा, कच्ची फळं, आणि तो पाला पचवायला त्याच्या पोटात कप्पे असतात, त्यात जिवाणू राहतात आणि ते पाला आंबवून पचवून देतात. अशा पोटात मैदा आणि साखर गेली की ती भराभर आंबते, आम्ल वाढतं, आणि ज्यांच्यावर पचन चालतं ते जिवाणूच बिघडतात. तुमच्या माहितीत कोणी शेतकरी असेल तर त्यांना विचारा, लग्नातलं उरलेलं अन्न किंवा धान्य गाईने एकदम भरपूर खाल्लं की तिचं काय होतं, पोट फुगतं, रवंथ बंद होतो, कधीकधी जनावर हातचं जातं. वानराचं पोट त्याच जातकुळीतलं आहे. म्हणजे वानराच्या बाबतीत बिस्किट पोटालाच बाधतं हे सरळ सांगता येतं.

लाल तोंडाच्या माकडाचं तसं नाही. त्याचं पोट साधं असतं, आपल्यासारखं, ते जवळपास काहीही खातं आणि पचवतं. गालात पिशव्या असतात, त्यात पटापट भरून घेतं आणि बाजूला जाऊन निवांत चावतं. एका बिस्किटाने त्याला काही होत नाही. रोज रोज तेच खाल्लं तर चरबी वाढणं, दात खराब होणं वगैरे आहेच, पण त्याचं मुख्य नुकसान पोटात होत नाही, वागण्यात होतं. आणि अंजनेरीला पोरांच्या समोर बहुतेक हेच येणार, म्हणून भाषण वागण्यावर उभं करा, पोटावर नको. तुमच्या शाळेच्या आसपास वानरं येत असतील तर मात्र पोटाची गोष्ट एका वाक्यात घालायला हरकत नाही, हे तुमच्या भागावर आहे.

वागण्यात म्हणजे काय, ते एका प्रसंगातून सांगते, कारण भाषणाचा कणा तोच आहे.

डोंगरावर जाणाऱ्या पायऱ्यांवर एक मुलगा थांबला होता, असेल पाचवी-सहावीतला. कठड्यावर एक मादी, पोटाला पिल्लू चिकटलेलं, एवढंसं, कान गुलाबी दिसत होते उन्हात. मुलाने एका हातात पुडा धरला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक बिस्किट ठेवून पुढे केलं. मादी पुढे सरकलीच नाही. ती बिस्किटाकडे बघायची, मग वर बघायची, परत बिस्किटाकडे. वर खडकावर एक मोठा नर बसला होता, मुलाचं तिकडे लक्षच नव्हतं. नर खाली उतरला तशी मादीने ओठ मागे ओढून दात दाखवले आणि अंग आकसून घेतलं. मुलगा म्हणाला, "बघ ती हसतेय." ती हसत नव्हती, भीतीने माफी मागत होती, माकडांमध्ये वरच्या नंबरच्यापुढे असंच करतात. नराने तळव्यावरचं बिस्किट उचललं, गालात टाकलं आणि दुसऱ्या हातातला पुडा धरला. मुलाने पुडा सोडला नाही, ओढला. मग जे व्हायचं ते झालं, मनगटावर तीन ओरखडे, रक्त. मादी आणि पिल्लू तोवर झाडावर पोचले होते, त्यांना कण पण मिळाला नाही.

या एका प्रसंगात सगळं आहे. माकडांच्या टोळीत नंबर ठरलेले असतात. जंगलात उंबराला फळं लागली की ती झाडभर पसरलेली असतात, मोठा एका फांदीवर, छोटी दुसऱ्या फांदीवर, सगळ्यांना मिळतं. आपण बिस्किट टाकतो ते एका जागी टाकतो, आणि एका जागचं अन्न बहुतेक वेळा वरच्या नंबरवाल्याचं असतं. पिल्लाकडे बघून आपण देतो आणि दांडग्याला मिळतं, वर मादीला मार बसायची शक्यता वाढते ती वेगळी. हे मुलांना सांगितलं ना की त्यांचे चेहरे बदलतात, कारण शाळेच्या बसमध्ये खिडकीची सीट कोणाला मिळते हे त्यांना चांगलं माहीत असतं, समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शिकणं. माकड फार लवकर शिकतं. माणसाच्या हातात पुडा असतो, पुडा चुरचुरला की खायला मिळतं, आणि दिलं नाही तर ओढून घेता येतं, हे एकदा टोळीतल्या एकाला कळलं की पिल्लं मोठ्यांचं बघून शिकतात. मग ज्याने कधीच काही दिलं नाही त्याच्या पण बॅगेला हात जातो. आज पहिलीतल्या पोराची पिशवी ओढली जाते ती काल कोणीतरी प्रेमाने दिलेल्या बिस्किटामुळे. आणि नंतर त्या टोळीबद्दल तक्रारी होतात, माकडं पिसाळली म्हणतात, दगड मारतात, पिंजरे लावा म्हणतात. सवय आपण लावायची आणि शिक्षा त्यांना.

तिसरं, रस्ता. कसारा घाटात बघा, गाड्या हळू होतात, काच खाली होते, पुडा बाहेर येतो. तो पडतो डांबरावर. माकडं कठड्यावर बसून वाटच बघत असतात आणि मागून ट्रक उतरत असतो. सहलीच्या बसमधून हे होऊ शकतं, म्हणून एक वाक्य बसच्या खिडकीबद्दल हवंच.

पक्ष्यांचं काय? इथे मी तुम्हाला थोडं सावध करते. ३ मिनिटांत माकडं आणि पक्षी दोन्ही नीट बसत नाहीत. बाईंनी विषयात पक्षी दिलेत म्हणून एक छोटा परिच्छेद घाला आणि तो शाळेच्या मैदानापुरताच ठेवा. कबुतरांना दाणे टाकण्याचा विषय अजिबात काढू नका, मुंबईत २०२५ मध्ये तो कोर्टापर्यंत गेला, रस्त्यावर लोक उतरले, आणि परिपाठात त्यावर बोललं की अर्धी मुलं घरी जाऊन आजोबांशी वाद घालणार. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतात त्याचंही तसंच, कोणी विचारलं तर मुलीने सांगावं की तो घरातला विधी आहे, मी पुड्यातल्या खाऊबद्दल बोलतेय.

मैदानावरची गोष्ट अशी आहे. मधल्या सुट्टीत सेव, वेफर्स, बिस्किटाचा चुरा टाकला की पहिले कोण येतं? कावळे. मग साळुंक्या. रोज येतात, कारण रोज मिळतं. त्याच मैदानाच्या कुंपणाच्या झुडपात बुलबुलाचं घरटं असतं, आणि कावळा खाऊ संपला की घरी जात नाही, आसपास हिंडतो, अंडी आणि पिल्लं उचलतो. म्हणजे चिमणी-बुलबुल आवडतात म्हणून टाकलेला चुरा कावळ्यांची गर्दी जमवतो आणि गर्दीचा त्रास बुलबुलाला. शिवाय सेव-वेफर्समध्ये मीठ किती असतं, आणि एवढ्याशा पक्ष्याच्या शरीराला ते बाहेर टाकणं जड जातं. आणि चिमणीबद्दल एक गोष्ट मुलांना फार आवडते ती म्हणजे मोठी चिमणी दाणे खाते पण पिल्लांना किडे आणि अळ्या भरवते, कारण पिल्लाला वाढायला तेच लागतं. बिस्किटावर चिमणीचं पिल्लू वाढत नाही. पक्ष्यांसाठी काहीतरी करायचंच असेल तर उन्हाळ्यात मातीच्या उथळ भांड्यात पाणी, रोज बदललेलं आणि भांडं घासलेलं. मुलांना "नको" बरोबर एक "हे कर" दिलं तर ती ऐकतात.

आता श्रद्धेचा प्रश्न. अंजनेरी हे हनुमानाचं जन्मस्थान मानतात, वर अंजनीमातेचं मंदिर आहे, अनेक घरांमध्ये शनिवारी माकडांना चणे-गूळ देण्याची पद्धत आहे. भाषणात याची थट्टा नको, आणि त्याला चूक पण म्हणायचं नाही, सातवीतल्या मुलीच्या तोंडून ते बरं दिसत नाही आणि ऐकणारी मुलं लगेच दार बंद करतात. उलट मी मुलांना असं बोलायला सांगते की मारुतीरायाच्या डोंगरावर आपण पाहुणे आहोत, त्याच्या सेनेला भीक मागायला लावायची नाही. हे वाक्य मी ज्या ज्या शाळेत वापरलंय तिथे शिक्षकांनासुद्धा आवडतं.

मग भाषण. लहान मुलं माइकवर मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतात, घाई केली तर जास्त पण मग काही कळत नाही. म्हणजे ३ मिनिटांना तीनशेच्या आतच ठेवायचं. मी तुमच्या मुलीसाठी एक लिहून देते, ते जसंच्या तसं पाठ करायला लावू नका, तिच्या शब्दांत बदलू द्या.

"(बिस्किटाच्या पुड्याचं रिकामं रॅपर माइकजवळ चुरगाळायचं, थांबायचं.)

हा आवाज ओळखला का? मधल्या सुट्टीत आपण हा आवाज लांबून ओळखतो. अंजनेरीची माकडं पण ओळखतात. हा आवाज आला की ती डोंगरावरून खाली येतात.

समजा पुढच्या आठवड्यात आपण पायऱ्या चढतोय. कठड्यावर एक माकडीण बसलीये, पोटाला तिचं पिल्लू. तुम्हाला दया येते आणि तुम्ही पिल्लासाठी एक बिस्किट पुढे करता. ते बिस्किट कोण खाईल? पिल्लू? नाही. आई? नाही. वर खडकावर टोळीतला सगळ्यात दांडगा नर बसलाय, तो खाली येईल, बिस्किट घेईल आणि तुमच्या हातातला पुडा पण घेईल. पिल्लाला काहीच मिळणार नाही. उंबराच्या झाडावर मात्र त्याला त्याच्या वाटची फळं मिळतात, कारण झाड सगळ्यांना वाटून देतं.

आणि ज्या माकडाला आज आपण पुडा दिला ते उद्या पहिलीतल्या मुलाची बॅग ओढेल. तेव्हा सगळे म्हणतील, माकडं वाईट आहेत. सवय कोणी लावली?

पक्ष्यांचं पण तसंच. आपण मैदानात सेव टाकतो, कावळे जमतात, आणि तेच कावळे कुंपणातल्या बुलबुलाची अंडी खातात. चिमणी तर तिच्या पिल्लांना अळ्या भरवते, बिस्किट नाही. पक्ष्यांना पाणी ठेवू, खाऊ नको.

सहलीला जाताना तीन गोष्टी करू. खाऊ बॅगेत, बॅग बंद, आणि बसच्या खिडकीतून काहीही बाहेर टाकायचं नाही. माकड जवळ आलं तर पळायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, दात काढून हसायचं नाही. रिकामे तळवे दाखवायचे, लहान मुलांना मध्ये घ्यायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. त्याने काही धरलंच तर सोडून द्यायचं, ओढायचं नाही.

अंजनेरी मारुतीरायाचा डोंगर आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत. त्याच्या सेनेला भीक मागायला लावायची नाही. धन्यवाद."

हे साधारण दोन मिनिटांत बसतं, उरलेलं मिनिट थांबण्यासाठी. थांबणं महत्त्वाचं आहे, विशेषतः "ते बिस्किट कोण खाईल?" नंतर. तिथे मैदानातून कोणीतरी ओरडणार "पिल्लू", ओरडू दे, मग शांतपणे "नाही" म्हणायचं.

रॅपर का, ते पण सांगते. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, दिनविशेष सगळं झाल्यावर भाषण येतं, तोवर मुलं पायावर पाय टाकून कंटाळलेली असतात, आणि "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग" सुरू झालं की संपलंच. पहिलं वाक्य तसंही कोणाच्या कानात जात नाही कारण रांगा हलत असतात. माइकवर रॅपरचा आवाज मात्र सगळ्या मैदानाला ऐकू येतो आणि खाऊचा आवाज म्हटल्यावर माना वळतातच. बाईंना आदल्या दिवशी विचारून ठेवा, काही शाळांमध्ये सुरुवात ठरलेल्या शब्दांनीच करावी लागते, तसं असेल तर ती एका वाक्यात उरकून मग रॅपर. आणि रॅपर परत खिशात घालायचं, व्यासपीठावर टाकून आली तर पोरं भाषण विसरतील आणि तेच लक्षात ठेवतील.

"दात काढून हसायचं नाही" यावर पोरं हसतील, हसू दे, पण मुलीला कारण माहीत असू द्या. माकड टक लावून, भुवया वर करून, तोंड उघडून बघतं ती धमकी असते, आणि ओठ मागे ओढून दात दाखवतं ती भीती असते. आपण डोळ्यांत बघत दात दाखवले की समोरच्याला यातलंच काहीतरी कळतं, मैत्री कळत नाही. सेल्फी काढताना मुलं नेमकं हेच करतात, अगदी जवळ जाऊन, आणि पाठ फिरवून.

मधल्या सुट्टीत येणारे प्रश्न बहुतेक हेच असतात.

"मग ती उपाशी नाही का मरणार?" नाही. आपल्याकडच्या डोंगरात उंबर, वड, पिंपळ, जांभूळ, करवंद आहे, किडे आहेत, कोंब आहेत, ती दिवसभर हिंडून खातात आणि तेच त्यांचं काम आहे. फळं खाऊन बिया टाकत हिंडतात त्यातून झाडं उगवतात. ज्या टोळीला रस्त्यावरच मिळतं ती रस्त्यावरच बसून राहते आणि तेवढं जंगलात हिंडणं कमी होतं.

"केळं किंवा चणे दिले तर चालेल का, ते तर चांगलं आहे?" पोटाला बरं, पण वागण्याचा प्रश्न तसाच. हातातून दिलेलं केळं पण एकाच जागी असतं आणि तेच शिकवतं. त्यामुळे सहलीत फळं पण नाही.

"एकदम सगळ्यांनी बंद केलं तर ती जास्त अंगावर येतील ना?" हा प्रश्न हुशार मूल विचारतं आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. हो, सवय लागलेली टोळी सुरुवातीला जास्त आक्रमक होऊ शकते, कारण आधी मिळायचं ते आता मिळत नाही म्हणून ती जोर लावते. मध्येच कोणी घाबरून दिलं की तिला कळतं जोर लावला की मिळतं, आणि मग ते आधीपेक्षा वाईट. म्हणून एका वर्गाने बंद करून उपयोग नाही, त्या दिवशी बसमधल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला पाहिजे, शिक्षकांनी सुद्धा, आणि बसच्या ड्रायव्हरकाकांना पण आधी सांगून ठेवायचं. अर्थात एका शाळेच्या एका सहलीने डोंगरावरची सवय जात नाही, दुसऱ्या दिवशी दुसरे लोक येतातच. पण त्या दिवशी तुमच्या शाळेतल्या कोणाला ओरखडा पडायची शक्यता कमी होईल, एवढं भाषण नक्की करू शकतं.

बाईंसाठी एक गोष्ट, ही भाषणात घालू नका, मुलं घाबरतील. माकडाने चावलं किंवा ओरखडलं, रक्त आलं नसलं तरी, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, कारण ५ मिनिटं पण फार वाटतात आणि लोक मध्येच थांबतात. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना, रेबीजची लस लागते, रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन पण लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतात. "माकड आहे, कुत्रा थोडाच आहे" असं म्हणून थांबायचं नाही. सहलीच्या सामानात साबणाची वडी आणि दोन-तीन जास्तीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवायला सांगा, डोंगरावर नळ नसतो. आणि मुलाने घाबरून लपवू नये म्हणून आधीच सांगून ठेवायचं की कोणी खायला दिलं असेल तरी रागावणार नाही, फक्त ओरखडा आला तर लगेच दाखवायचा. ही लपवाछपवी मी बघितलीये, मुलं बाहीखाली घेऊन घरी जातात आणि दोन दिवसांनी आईला अंघोळीच्या वेळी दिसतं.

जखमी माकड किंवा घरट्यातून पडलेलं पिल्लू दिसलं तर काय, हेही कोणीतरी विचारेल. तिथे पण खायला-प्यायला घालायचं नाही, हात न लावता लांब राहायचं आणि शिक्षकांना सांगायचं, वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर मोठ्या माणसाने फोन करायचा आणि जागा नीट सांगायची.

तयारीबद्दल थोडं. पाठ करून घेण्यापेक्षा तिला तो प्रसंग तीन-चार वेळा आपल्या शब्दांत सांगायला लावा, कठडा, पिल्लू, नर, पुडा या क्रमाने. क्रम डोक्यात बसला की शब्द विसरले तरी अडकत नाही. मोबाईलवर टायमर लावून एकदा उभं राहून, रॅपरसकट बोलू दे, बसून बोललेलं आणि उभं राहून बोललेलं यात बराच फरक पडतो. "टोळीतला सगळ्यात दांडगा नर" हे मोठ्याने बोलताना मुली कधीकधी लाजतात, तर "सगळ्यात दांडगं माकड" म्हटलं तरी चालेल.

आणि परिपाठाला उशीर झाला आणि बाई म्हणाल्या की दोनच मिनिटं आहेत, हे फार वेळा होतं, तर काय गाळायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. पक्ष्यांचा परिच्छेद पूर्ण काढायचा, तो पुन्हा कधीतरी उन्हाळ्यात पाण्याच्या भांड्याबरोबर होईल. "सवय कोणी लावली" वालाही गेला तरी चालेल. पण बॅग बंद, रिकामे तळवे, धरलं तर सोडून द्यायचं, हा भाग काढायचा नाही, कारण बाकी सगळं ऐकलं नाही तरी पुढच्या आठवड्यात त्या पायऱ्यांवर मुलांना तोच लागणार आहे.